‘तिकडचे सत्तावीस’ : वडिलांच्या आवाजाचा सारांश करणारी मुलगी कथेत कशी उभी करावी

प्रश्न : मी नाशिकची. एक कथा लिहितेय. वडील पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्षबागायतदार, आता वारलेत. त्यांच्या मोबाईलमध्ये त्यांच्या आवाजातल्या खूप रेकॉर्डिंग आहेत आणि मुलगी त्यांचा सारांश लिहायला बसते. काय ठेवायचं, काय गाळायचं, हीच कथा. हक्कसोडीवरून ती वडिलांशी भांडून पुण्याला गेली होती, हेही त्यात आहे. पण लिहिताना प्रत्येक वेळी ती नुसती ऐकते आणि रडते, बाकी काही घडतच नाही. मसुदा सोबत जोडला आहे. निवड दाखवायची कशी?

उत्तर :

आधी एवढं ठरवा की हा सारांश वाचणार कोण. ती स्वतःसाठीच लिहीत असेल तर तिला काहीच गाळायची गरज नाही, आणि गाळायची गरज नसेल तर निवड कुठून येणार? मग ऐकणं आणि रडणं एवढंच उरतं. तुमच्या कथेची अडचण तिथं आहे, भाषेत नाही.

दिवाळी अंकांसाठी कथा संपादित करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि त्याआधी जुन्या माणसांच्या मुलाखती ऐकून कागदावर उतरवण्याचं काम केलं आहे. दोन्हीकडे एकच अनुभव येतो. सारांश कशासाठी हवा हे माहीत नसलेला माणूस सगळंच ठेवतो, किंवा सगळं गुळगुळीत करून टाकतो. म्हणून तुमच्या मुलीला एक वाचक द्या. तो तुमच्या कथेत असू शकतो : धाकटा भाऊ. अण्णा गेले, बाग आता त्याच्या एकट्याच्या अंगावर आली, आणि गोडी छाटणी तोंडावर आहे. मागच्या हंगामात अण्णांनी कुठल्या प्लॉटला कितव्या दिवशी काय मारलं, हे त्याला हवं आहे. त्याला बसून ऐकायला वेळ नाही, कदाचित तो आवाज ऐकवतही नाही. ‘ताई, तू ऐक आणि मला वहीत लिहून दे,’ एवढं तो म्हणतो. झालं, कथा सुरू झाली.

आता अण्णा रेकॉर्डिंग का करत होते तेही पक्कं करा. इथं बहुतेक कथा घसरतात. मरण पावलेला बाप फोनमध्ये ‘बाळा, तू हे ऐकशील तेव्हा मी नसेन’ असं बोलून ठेवतो. असं बोलणारा बाप कथेत आला की मुलीच्या हातात निवडच राहत नाही, कारण निवड त्यानं आधीच करून ठेवलेली असते. तुमच्या अण्णांना कुणी ऐकेल याची कल्पनाही नको. बागेत हात औषधानं भरलेले असतात, वही शेडमध्ये राहते, चष्मा घरी राहतो, म्हणून ते बोलून ठेवायचे. व्हॉट्सॲपवर त्यांनी एकट्याचाच एक ग्रुप केलेला असू द्या, नाव ‘बाग’. अशा ग्रुपमध्ये हिशोब, औषधाच्या बाटल्यांचे फोटो आणि आवाज टाकून ठेवणारे कितीतरी बागायतदार तुमच्या ओळखीत निघतील.

द्राक्षाच्या बागेची एक गोष्ट तुमच्या कथेला फार उपयोगी आहे, आणि तुम्ही त्या भागातल्या असून ती अजून वापरलेली नाही. तिथं तारखेपेक्षा दिवस मोजतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते, तिच्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, आणि तिच्यापासून माल उतरेपर्यंत प्रत्येक काम छाटणीपासून कितवा दिवस यावर चालतं. डोळे फुटणं, जीएची फवारणी, फुलोरा, विरळणी, सगळं त्या मोजणीवर. सगळी बाग एका दिवशी छाटत नाहीत. मजूर मिळतील तशी आणि माल एकदम काढणीला येऊ नये म्हणून प्लॉट पुढंमागं छाटतात. म्हणजे एकाच सकाळी एका बागायतदाराच्या तोंडात दोन आकडे असतात. विहिरीकडचा चाळीस, खालचा चौतीस. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही, घरच्याला सांगावं लागत नाही.

मुलगी पुण्यात राहिलेली, तिला हे अर्धवट आठवतं. फाइलच्या नावात तारीख आहे, अण्णांच्या तोंडात दिवस आहेत, आणि भावाला दोन्ही हवंय. तिला मागं मोजत जाऊन छाटणीची तारीख काढावी लागते. विहिरीकडचा प्लॉट 8 ऑक्टोबर, खालचा प्लॉट 14 ऑक्टोबर. वहीच्या पहिल्या पानावर ती हे दोन ओळींत लिहिते. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते तसंच कंटाळवाणं दाखवा. पहिल्या काही फाइल्स ती दुप्पट वेगानं ऐकते, कारण व्हॉट्सॲपमध्ये तशी सोय आहे आणि अण्णा सावकाश बोलायचे. दुप्पट वेगात अण्णा घाईतले, थोडे चिडके वाटतात. तिला ते बरं पडतं. मग एका फाइलला ती वेग मूळ करते. का केला हे सांगू नका. वाचक त्या फाइलकडे आपोआप कान देईल.

ती फाइल मी नमुन्यादाखल लिहून दाखवते. हंगाम 2022चा धरू. नाव `PTT-20221124-WA0005.opus`, म्हणजे 24 नोव्हेंबर.

‘हां… झालं का चालू? झालं. विहिरीकडचा आज सत्तेचाळीस. खालचा एक्केचाळीस. तिकडचे सत्तावीस. विहिरीकडं देठ पार वळलेत. घड असा हातात घेतला ना, तर सरळ लोंबतच नाही. बारके मणी लई. याला म्हणलं मी, नोझल बघत नाहीस, एका जागी उभा राहून मारतोस. लई बोललो. नोझलचं काही नव्हतं. बाविसाव्या दिवशी जीए मीच कालवलं. दोनशे लिटरच्या टिपाडाला दोन पुड्या. टाकल्या दोन. मग फोन वाजला म्हणून शेडकडं गेलो. नाही, वाजला नव्हता. वाजला असं वाटलं. आलो आन् परत दोन टाकल्या. संध्याकाळी खिशात रिकाम्या पुड्या चार निघाल्या. आता काय. खालच्याला सोमवारपासून विरळणीला बायका सांगायच्या. मजुरीचं उद्या बघू. बंद कसं व्हतं हे…’

या रेकॉर्डिंगमधलं शेतीचं खरं आधी सांगते, कारण कथेचा जोर त्यावर उभा आहे. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. फुलोऱ्याच्या आधी, घड पोपटी हिरवा दिसू लागतो तेव्हा, तो लांबवण्यासाठी ते अगदी थोड्या मात्रेत मारतात. एक ग्रॅमची पुडी शंभर लिटर पाण्यात गेली की 10 पीपीएम होतं. दोनशे लिटरला दोन पुड्या म्हणजे तेच 10, आणि चार पुड्या म्हणजे 20. पावडर पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते, म्हणून हे काम घाईत, पळता पळता होत नाही. माणूस टिपाडाशी उभा राहून ते करतो. तेवढ्यात चार पुड्या पडणं म्हणजे त्या माणसाचं चित्त ठिकाणावर नसणं. जास्त झालेल्या जीएचा परिणाम लगेच दिसत नाही. पुढं देठ कडक होऊन वळतात, घडात बारीक मणी राहतात. म्हणून चूक बाविसाव्या दिवशीची आणि बोलणं सत्तेचाळिसाव्या दिवशीचं. मधल्या काळात बोलणी मुलानं खाल्ली.

आता मुलगी वहीत काय लिहिते? पहिल्या झटक्यात हे :

‘24 नोव्हें. विहिरीकडचा, दिवस 47 : देठ वळलेले, बारीक मणी. कारण – दिवस 22 (30 ऑक्टो.) जीए दुप्पट पडले, 10 ऐवजी 20 पीपीएम. खालचा, दिवस 41 : सोमवारपासून विरळणी.’

भावाला कामापुरतं सगळं यात आलं. पुढच्या छाटणीला तो टिपाडाशी दोनदा मोजेल. शेतीच्या दृष्टीनं हा उत्तम सारांश आहे, आणि मुलाखती उतरवण्याच्या कामात अशा सारांशाला कुणी नाव ठेवणार नाही. पण मूळ ऐकलेल्या वाचकाला लगेच टोचतं की जीए कुणाच्या हातून पडलं ते यात नाही. तुमच्या वाचकाला हे टोचावं म्हणूनच रेकॉर्डिंग आधी आणि सारांश नंतर ठेवायचा, एकाखाली एक, मध्ये मुलीच्या मनातलं एकही वाक्य न घालता. गाळलेलं काय ते वाचकानं स्वतः शोधायचं. तुमच्या मसुद्यात नेमकं उलटं झालंय. तुम्ही रेकॉर्डिंगमधलं एखादं वाक्य देता आणि लगेच मुलीला काय वाटलं ते अर्धं पान सांगता. त्यात रेकॉर्डिंग हरवतं आणि सारांश तर दिसतच नाही.

पुढची पायरी अशी की ती रेषेखाली एक ओळ वाढवते : ‘जीए अण्णांनी स्वतः कालवलं होतं. नोझलचा दोष नव्हता.’ ही ओळ बागेला नको आहे. ती भावाला हवी आहे. ज्यानं वर्षभर स्वतःला दोष दिला असेल, किंवा अण्णांवर राग धरला असेल, त्याचं ते येणं आहे. पण ही ओळ लिहिणं म्हणजे गेलेल्या बापाची चूक त्याच्या पश्चात कागदावर आणणं. बाप जिवंत असताना त्यानं ती कुणापुढं कबूल केली नाही, ‘आता काय’ म्हणून सोडून दिली. लिहायचा तिला अधिकार आहे का? हा प्रश्न कथेत विचारू नका, पण तिला ती ओळ लिहायला वेळ लागू द्या. ती मध्ये उठून दुसऱ्या फाइल्स ऐकते, अण्णांनी हे भावाला कधी सांगितलं का ते शोधते. जानेवारीपर्यंतच्या फाइल्स संपतात, सापडत नाही. मग येऊन ओळ लिहिते. हा शोध तिच्या मनात काय चाललंय हे चार परिच्छेदांपेक्षा जास्त सांगतो, आणि वाचकाला पुढच्या फाइल्समध्येही नेतो.

आता त्या तिसऱ्या आकड्याकडे येते. ‘तिकडचे सत्तावीस.’ माझ्या मते तुमच्या कथेचं केंद्र हे असावं, आणि ते अण्णांच्या तोंडून कधीच उलगडलं जाऊ नये.

बागेत प्लॉट दोन. आकडे तीन. पहिल्यांदा ऐकताना मुलीला वाटतं की कुठं तरी खंडानं घेतलेला तुकडा असेल. ती वहीत रिकामी जागा सोडते : ‘तिसरा प्लॉट – ? ’. दोन-चार फाइल्सनंतर तिला जाणवतं की या तिसऱ्या आकड्यापुढं कधीच काही काम येत नाही. फवारणी नाही, पाणी नाही, मजूर नाही. नुसता आकडा, आणि तो रोज एकानं वाढतो. म्हणून ती बाकीच्या दोन प्लॉटसारखं यालाही मागं मोजते. 24 नोव्हेंबरपासून सत्तावीस दिवस मागं. 28 ऑक्टोबर. त्या वर्षीची भाऊबीज उरकून, हक्कसोडपत्रावर सही न करता, ती पुण्याच्या गाडीत बसली तो दिवस.

ही तारीख वाचकाला आधी माहीत असायला हवी. कथेच्या सुरुवातीला कुठं तरी, अगदी साध्या संदर्भात, येऊ द्या. उदाहरणार्थ, तिच्या जुन्या पर्समध्ये त्या प्रवासाचं एसटीचं तिकीट सापडतं, किंवा भाऊच बोलता बोलता म्हणतो की ‘तू अठ्ठावीसला गेलीस, त्यानंतर इकडं आलीस कुठं.’ दुसरं मला जास्त आवडतं, कारण त्यात भावाची तक्रारही आहे आणि तारीखही त्याच्याच तोंडात बसते. याचा उपयोग पुढं होणार आहे.

आणि वाचकानं आणखी एक हिशोब करावा, पण तुम्ही तो करून देऊ नका. जीए कालवलं तो बाविसावा दिवस म्हणजे 30 ऑक्टोबर. ती गेल्यानंतर दोनच दिवस. फोन वाजला असं ज्याला वाटलं, तो कुणाच्या फोनची वाट बघत होता? हे दोन धागे कथेत दोन वेगळ्या पानांवर ठेवा आणि जोडू नका. शंभरातल्या वीस वाचकांनीच जोडले तरी चालेल. मुलीनं जोडले की नाही हेही उघड करायची गरज नाही. तिनं वहीत 30 ऑक्टोबर स्वतःच्या हातानं लिहिली आहे, तेवढं पुरे.

एक शंका तुम्हाला येईल : मोजणी फार सोयीची, फार रचलेली तर वाटणार नाही? वाटेल, जर ती नीटनेटकी ठेवलीत तर. म्हणून तिला खडबडीत करा. काही दिवस अण्णा तिसरा आकडा विसरतात. एकदा चुकतात, सलग दोन दिवस एकच आकडा सांगतात, आणि बागेचा आकडा मात्र बरोबर असतो. मुलीनं संक्रांतीला फोन केला होता, तिळगूळ घ्या म्हणून दोन मिनिटं बोलणंही झालं होतं. ती त्याच्या दुसऱ्या दिवसाची, 16 जानेवारीची फाइल शोधून काढते. तिला वाटत असतं की मोजणी तिथं थांबली असेल. अण्णा म्हणतात, ‘तिकडचे ऐंशी.’ फोनचा त्या मोजणीशी काही संबंध नव्हता. ते येण्याचे दिवस मोजत होते. ही फाइल मला 24 नोव्हेंबरच्या फाइलइतकीच महत्त्वाची वाटते, आणि ती जितकी छोटी ठेवाल तितकी चांगली. थंडी, निफाडकडं पारा उतरल्याची बातमी, मणी तडकू नयेत म्हणून पहाटे ठिबक चालू ठेवायचं आणि बांधाला शेकोट्या करायच्या, आणि मध्ये तो आकडा. बस.

मोजणी संपते कुठं, हाही प्रश्न सोडवा. विहिरीकडचा माल फेब्रुवारीच्या विसाला उतरला असं धरलं तर तो प्लॉट एकशे पस्तीस दिवसांचा, आणि तिसरा आकडा एकशे पंधरा. माल उतरला की बागायतदाराची दिवसमोजणी थांबते, म्हणून अण्णांची रेकॉर्डिंगही तिथंच थांबतात. मग त्यांनी पुढंही मनात दिवस मोजले का? उन्हाळ्यात, आजारपणात? ते कळायला मार्ग नाही, आणि कथेनं ते सांगण्याचा मोह धरू नये. तुमच्या मसुद्यात शेवटच्या फाइलमध्ये अण्णा मुलीला माफ करतात. ती फाइल काढून टाका. माल गेला, व्यापाऱ्यानं काय भाव दिला, गाडीत किती क्रेट चढले, एवढ्यावर त्यांचा आवाज बंद होऊ द्या.

आता खरी निवड. सारांशात हा तिसरा आकडा ठेवायचा का?

कामाच्या दृष्टीनं तो ठेवणं चूक आहे. फवारणीच्या वहीत प्रत्येक आकड्याला एक प्लॉट असतो. कुठल्याच जमिनीचा नसलेला आकडा वहीत राहिला तर वाचणारा गोंधळेल, एखादी फवारणी भलत्या दिवसाशी जोडेल. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेला तर फवारणीच्या नोंदी दाखवाव्या लागतात, तिथं असली ओळ चालतच नाही. म्हणजे तो आकडा गाळायला तिच्याकडे अगदी बिनतोड कारण आहे. आणि गाळला तर आपल्या बापानं आपले दिवस मोजले हे जगात तिच्याशिवाय कुणालाच कधी कळणार नाही. चांगल्या निवडीला अशी दोन्ही बाजूंनी किंमत असावी लागते. भावनेपोटी ठेवणं आणि निष्ठुरपणे गाळणं, अशा दोन टोकांत तुम्ही निवड मांडली होती म्हणून ती फिकी पडत होती.

पण तुमच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे जी हे सगळं तापवते, आणि ती तुम्ही फक्त पार्श्वभूमीला ठेवली आहे : हक्कसोड. वडिलोपार्जित जमिनीत 2005च्या कायद्यानं मुलीचा जन्मतः हिस्सा आहे. भावाला बागेवर कर्ज काढायचंय, म्हणून घरात सहीचा विषय. अण्णा गेल्यावर वारसनोंदीच्या निमित्तानं तो कागद पुन्हा टेबलावर येणार हे तिलाही माहीत आहे आणि त्यालाही. अशा घरात, बहिणीनं लिहिलेल्या वहीत भावाला ‘तिसरा प्लॉट’ हे दोन शब्द दिसले तर काय होईल? त्याच्या मनात पहिला विचार येईल की अण्णांनी आपल्याला न सांगता कुठं तरी जमीन घेतली होती, आणि ही ते लपवतेय. तुमच्या मुलीनं सुरुवातीला सोडलेली ती रिकामी जागा, ‘तिसरा प्लॉट – ?’, इथं कामाला येते. तिनं आकडा गाळला तरी पहिल्या पानावरची ती खूण तशीच राहिली आहे. खाडाखोड केली तर संशय वाढणार, ठेवली तर उत्तर द्यावं लागणार.

प्रसंग असा लिहून बघा. भाऊ ओट्यावर बसून वही चाळतो. जीएच्या ओळीवर त्याचं बोट थांबतं, तो काही बोलत नाही, पान उलटतो. मग पुन्हा पहिल्या पानावर येतो.

‘ताई, हा तिसरा कुठला?’

‘तो आपल्यातला नाही. त्यावर काट मार.’

‘अण्णांनी घेतला होता का काही?’

‘नाही रे.’

‘मग दिवस कशाचे धरलेत?’

ती सांगत नाही. सांगितलं तर ते वाटणीच्या बोलण्यातलं एक हत्यार झाल्यासारखं होईल, ‘बघ, बापाचा जीव माझ्यात होता’ असं. तिला ते नको आहे. ती फोन त्याच्याकडे सरकवते आणि एक फाइल लावून देते. 24 नोव्हेंबरची नको, त्यात त्याचं स्वतःचं दुखणं आहे आणि तो त्यातच अडकेल. 16 जानेवारीची लावू द्या, थंडीची. भाऊ ऐकतो. तो जन्मभर दिवस मोजत आलेला माणूस आहे, त्याला कागद लागत नाही. ऐंशी म्हणताच त्याची बोटं पेरांवर चालायला लागतात, तिच्यापेक्षा कितीतरी जलद. जानेवारीचे सोळा, डिसेंबरचे एकतीस, नोव्हेंबरचे तीस, राहिले तीन. ‘अठ्ठावीस ऑक्टोबर,’ तो म्हणतो. ‘त्या दिवशी आपण कुठं छाटणी केली होती?’

आणि मग त्याला कळतं. हीच तारीख सुरुवातीला त्यानं स्वतःच्या तोंडानं तिला सुनावलेली आहे.

इथं थांबा. तो काय बोलतो, वही काय होते, सही होते का, यातलं काहीही लिहू नका. सहीचा निर्णय कथेत दाखवलात तर अण्णांची मोजणी ही त्या निर्णयाचं कारण ठरते, आणि मग वाचक जमिनीचा हिशोब करत बसतो. भाऊ वाईट माणूस नाही हेही याच प्रसंगातून दिसायला हवं, म्हणून त्याचा संशय साधा ठेवा, आवाज चढवू नका. त्याच्या जागी बसलेल्या कुठल्याही माणसानं तोच प्रश्न विचारला असता.

रेकॉर्डिंग लिहिण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या मसुद्यातले अण्णा पुस्तकी बोलतात. माणूस एकटा फोनशी बोलतो तेव्हा वाक्यं पूर्ण करत नाही, मध्येच विषय सोडतो, सांगितलेलं दुरुस्त करतो. वरच्या नमुन्यात ‘फोन वाजला म्हणून… नाही, वाजला नव्हता’ ही दुरुस्ती सारांशात कधीच येत नाही, कारण सारांश करणारा शेवटची खरी गोष्ट घेतो आणि आधीची खोटी टाकतो. मुलाखती उतरवताना मला हे सतत दिसायचं. माणसाचं मन बहुतेक वेळा त्या टाकून दिलेल्या पहिल्या वाक्यात असायचं. आवाजामागचे आवाजही वापरा, पण निवडून. ब्लोअर, मोटार, दूर कुठं तरी आईची हाक. एका फाइलमध्ये आई ‘जेवायला या, किती वेळ एकटेच बोलताय’ असं म्हणते आणि अण्णा घाईनं बंद करतात, एवढं एकदा आलं की पुरे. प्रत्येक फाइलला पार्श्वसंगीत दिलं तर वाचकाला ते सजवलेलं वाटेल.

बोली जपून वापरा. अण्णांच्या तोंडी ‘म्हणलं’, ‘लई’, ‘व्हतं’ चालेल. पण वहीत मुलीची भाषा प्रमाण राहील, कारण ती नोंद लिहितेय. ‘देठ पार वळलेत’ या बोलण्याचं वहीत ‘देठ वळलेले’ होतं तेव्हा नेमकं काय गेलं ते वाचकाला ऐकू येतं, त्यासाठी वेगळी टिप्पणी लागत नाही.

आणि संख्या मर्यादित ठेवा. एका हंगामात अशा शंभराहून जास्त फाइल्स असतील, दीडेक मिनिटाच्या एक म्हटलं तरी नुसतं ऐकायलाच तीन तास जातात, आणि शब्दशः उतरवायचं तर त्याच्या चौपट-सहापट. म्हणून ती सारांश करतेय, हे कारण एका वाक्यात येऊ द्या. पण कथेत पूर्ण फाइल फक्त दोन द्या, 24 नोव्हेंबर आणि 16 जानेवारी. बाकीच्या फाइल्स वहीतल्या ओळी म्हणूनच दिसाव्यात. भावाला त्या जशा दिसणार, तशाच वाचकालाही. त्या ओळींमागं काय काय गळून गेलं असेल, याचा अंदाज वाचक या दोन फाइल्सवरून बांधतो.

लिहून झाल्यावर एक तपासणी करा. मुलीच्या मनातलं सांगणारी सगळी वाक्यं पेन्सिलीनं खोडा आणि फक्त रेकॉर्डिंग, वहीतल्या ओळी आणि भावाशी झालेलं बोलणं वाचा. गोष्ट कळत असेल तर खोडलेल्यातली दोन-तीन वाक्यं परत घ्या, बाकी जाऊ द्या. कळत नसेल तर दोष बहुतेक वेळा तारखांत असतो, कुठली तरी एक तारीख वाचकाला वेळेवर मिळालेली नसते. आणि तो मसुदा एकदा तुमच्याकडच्या कुणा बागायतदाराला मोठ्यानं वाचून दाखवा. दिवस आणि काम यांचा मेळ कुठं बसत नसेल तर तो पहिल्याच पानावर तुम्हाला थांबवेल.